सोसायटीच्या वाचन कोपऱ्यातले खेळ: यादी आणि नियमांची सूचना कशी लिहावी

प्रश्न: आमच्या सोसायटीत ६४ फ्लॅट आहेत. ऑफिसशेजारच्या वाचन कोपऱ्यात पुस्तकांबरोबर आता लोकांनी दिलेले दहा-बारा खेळही जमलेत. सेक्रेटरींनी मला खेळांची यादी आणि घरी न्यायचे नियम लिहून बोर्डावर लावायला सांगितलंय. अनामत ठेवावी का, दंड किती लावावा, सोंगट्या हरवल्या तर काय करायचं, काहीच ठरत नाहीये. सूचना कशी लिहू?

उत्तर:

अनामत आणि दंड सध्या बाजूला ठेवा. आठ वर्षं मी डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीत असाच कोपरा सांभाळतोय. एवढ्या वर्षांत जेवढे वाद झाले, त्यातले जवळजवळ सगळे एकाच मुद्द्यावर होते: खेळ दिला तेव्हा पूर्ण होता की नव्हता? पुस्तकाला हा प्रश्न येत नाही. पुस्तक परत आलं की आलं. खेळाचा डबा मात्र परत येऊनही खेळ परत आलेला नसतो. तेव्हा तुमच्या सूचनेत खेळाच्या नावासमोर दोन गोष्टी हव्यातच. आत किती भाग आहेत, आणि ते पूर्ण आहेत हे एका मिनिटात कसं ओळखायचं.

आमच्या पहिल्या सूचनेत नुसती नावं होती. "स्क्रॅबल – १, कॅरम – १, बुद्धिबळ – २" अशी. खाली नियम होता, "खेळ सुस्थितीत परत करावा." तीन महिन्यांत स्क्रॅबल चार घरांत फिरलं. चौथ्या घरातल्या मुलीने रविवारी दुपारी टाइल्स मांडून मोजल्या, तर शंभरऐवजी सत्त्याण्णव. दोन 'ई' आणि एक कोरी टाइल गायब. तिची आई डबा घेऊन माझ्याकडे आली ती आधीच रडवेली, कारण तिला वाटलं आळ आपल्यावर येणार. मी आधीच्या तिन्ही घरांत विचारलं. प्रत्येकाने प्रामाणिकपणे सांगितलं, "आम्ही मोजल्याच नव्हत्या." आणि खरं सांगायचं तर मीही मोजल्या नव्हत्या. दिवाळीच्या साफसफाईत दुसऱ्या घरी सोफ्याच्या फटीत दोन टाइल्स सापडल्या, त्यांनी आपणहून आणून दिल्या. तोवर दोन शेजारणींचं बोलणं मात्र महिनाभर बंद होतं. एवढ्याशा लाकडी तुकड्यांवरून असं व्हायला नको होतं, आणि चूक सूचनेची होती.

मोजायचं म्हटलं की लोक कंटाळतात. म्हणून मोजू नका, मांडा. बहुतेक खेळांचे भाग एका ठरावीक आकारात मांडले की कमी असलेला भाग स्वतःच रिकामी जागा दाखवतो. बुद्धिबळाच्या ३२ मोहऱ्या पटावर लावल्या की झालं, एकही आकडा म्हणावा लागत नाही. कॅरमच्या सोंगट्या तर या बाबतीत फार छान आहेत. मध्ये राणी, तिच्याभोवती सहा, त्यांच्याभोवती बारा, मिळून १९. डाव सुरू करताना आपण जो गोल रचतो तोच रचायचा. बाहेरच्या कड्यात फट दिसली की एक गेली. मग काळ्या ९ आणि पांढऱ्या ९ आहेत ना, एवढी एक नजर टाकायची, कारण कधीकधी दुसऱ्या सेटमधली सोंगटी भरती झालेली असते.

स्क्रॅबलच्या १०० टाइल्स त्याच्याच पटावर दहा गुणिले दहाच्या चौकोनात लावायच्या. डॉमिनोच्या २८ सोंगट्या सातच्या चार ओळींत. जेंगाच्या ५४ ठोकळ्यांचा मनोरा तीन-तीनचे १८ थर रचून पूर्ण व्हायला हवा, आणि हे काम मुलं स्वखुशीने करतात. पत्त्यांचे चार रंग वेगळे करून एक्क्यापासून राजापर्यंत तेरा-तेरा. ल्यूडोच्या १६ सोंगट्या आपापल्या घरात चार-चार.

एक सावधगिरी सांगतो. हे आकडे कुठून तरी वाचून यादीत उतरवू नका, तुमच्या हातातला डबा उघडून घ्या. उनोचंच बघा. जुन्या डब्यात १०८ पत्ते असतात, नव्यात ११२. आमच्याकडे कोणीतरी जुना डबा दिला होता आणि यादीत ११२ लिहिलं गेलं. पहिल्याच घराने चार पत्ते शोधायला पलंग सरकवला. तसंच, खेळ दान आला तेव्हाच काही भाग कमी असतील तर आहे तेवढाच आकडा लिहा. "सोंगट्या १५ (हिरवी १ कमी, बदली बटण आहे)" असं यादीत स्पष्ट असलं की पुढच्या माणसाला घोर लागत नाही.

आता मोजायचे भाग आणि न मोजायचे भाग वेगळे करा. ज्याच्यावाचून डाव अडतो तेवढंच मोजायचं. व्यापारमधल्या नोटा कधीच मोजू नका. त्या फाटतात, चुरगळतात, दहा-वीस कमी झाल्या तरी खेळ चालतो, आणि त्या मोजायला बसलात तर रविवारची संध्याकाळ तिथेच जाईल. मालमत्तेची कार्डं मात्र मोजायची, कारण एक शहर गेलं की खरेदीच थांबते. जिगसॉचे ५०० तुकडे कोणी मोजणार नाही. त्यासाठी आम्ही वेगळा नियम केला आणि तो उत्तम चालला: ज्याने पूर्ण जुळवलं त्याने त्याचा फोटो पाठवायचा. फोटो हीच पावती. अर्धवट सोडून परत केलं तर वहीत "जुळवलं नाही" एवढंच लिहायचं. मग पुढच्या घरात एखादा तुकडा कमी निघाला तरी शेवटचा पूर्ण फोटो कोणाचा होता त्यावरून मधली किती घरं राहतात ते कळतं.

कॅरमच्या थैलीसाठी स्वयंपाकघरातला डिजिटल काटाही कामाला येतो. नियमातल्या सोंगटीचं वजन पाच ते साडेपाच ग्रॅम असतं आणि स्ट्रायकर १५ ग्रॅमपर्यंत. आमची थैली सोंगट्या आणि स्ट्रायकरसकट ११८ ग्रॅम भरते, तो आकडा थैलीवर मार्करने लिहिलाय. काट्यावर ११३ दिसलं की एक सोंगटी कमी, थैली उघडायचीही गरज नाही. पण ही युक्ती पुठ्ठ्याच्या डब्यांना लावू नका. पावसाळ्यात पुठ्ठा आणि पत्ते ओल धरतात आणि वजन तेवढ्याने वाढतं. एक पत्ता तर जेमतेम दोन ग्रॅमचाही नसतो, तो त्या फरकात बुडून जातो.

हरवलेल्या भागाचं काय, हा तुमचा खरा प्रश्न. इथे दंड नको असं मी म्हणतो त्याला दोन कारणं आहेत. सोसायटीने पैसे घ्यायचे म्हटलं की पावती आली, हिशेब आला, आणि सभासदाला दंड लावायचा तर विषय सर्वसाधारण सभेपर्यंत जातो. चाळीस रुपयांच्या पत्त्यांसाठी ते कशाला? दुसरं कारण जास्त मोठं. दंड असला की माणूस हरवलेलं लपवतो, आणि लपवलेली टाइल पुढच्या घराच्या माथी बसते. दंड नसेल तर तो येऊन सांगतो, "अहो, एक सोंगटी सापडत नाहीये." ते लवकर कळणं आपल्याला पैशापेक्षा उपयोगाचं आहे.

म्हणून आधी सात दिवस शोधायला द्या. निम्म्याहून जास्त वेळा भाग घरातच सापडतो: सोफ्याच्या फटीत, झाडूच्या सुपलीत, लहान भावाच्या खिशात. नाही सापडला तर तो कोणत्या प्रकारचा आहे ते बघा. प्याद्याच्या किंवा ल्यूडोच्या सोंगटीच्या जागी त्याच आकाराचं बटण चालतं, तिथे भरपाई मागूच नका. पत्त्यांच्या जोडात एक पत्ता गेला तर अख्खा जोड बाद, कारण दुसऱ्या जोडातला पत्ता घातला तर पाठीवरून लगेच ओळखू येतो आणि रमी काय, गुलामचोरही खेळता येत नाही. तेव्हा नवीन जोड आणून द्यायचा. कॅरमची सोंगटी एकटी आणू नका. सुट्या सोंगटीची जाडी आणि घसरण वेगळी पडते. त्यापेक्षा पूर्ण सेट आणावा आणि जुन्या अठरा सोंगट्या राखीव म्हणून डब्यात ठेवाव्या. मोठ्या, महागड्या खेळाचा एखादा भाग गेला तर पूर्ण नवा खेळ मागू नका. झाकणावर काय कमी आहे ते लिहा आणि खेळ फिरत ठेवा. आमचं स्क्रॅबल ९९ टाइल्सवर चार वर्षं मजेत चाललंय.

अनामतीचंही तेच. आम्ही पहिल्या वर्षी शंभर रुपये घेत होतो. मुलं यायचीच बंद झाली, कारण दर वेळी आईकडे पैसे मागावे लागायचे. अनामत काढून टाकली आणि त्याऐवजी एका फ्लॅटला एका वेळी एकच खेळ असा नियम ठेवला. पहिला परत आल्याशिवाय दुसरा मिळत नाही, एवढं बंधन पुरतं.

लहान मुलांबद्दल मात्र सूचनेत ठळक ओळ हवीच. खेळण्यांच्या सुरक्षा-चाचणीत ३१.७ मिलिमीटर व्यासाची नळी वापरतात. जो भाग तिच्यात पूर्ण मावतो तो तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकतो असं धरतात. फासे, कवड्या, प्यादी, ल्यूडोच्या सोंगट्या सगळ्या त्यात मावतात. कॅरमची सोंगटीसुद्धा सुमारे ३१ मिलिमीटरची, म्हणजे तीही त्याच वर्गातली समजायची. कॅरमची बोरिक पावडर पोटात जाणं धोक्याचं आहे, म्हणून ती घरी द्यायची नाही, कोपऱ्यातच ठेवायची. चुंबकाचा प्रवासी बुद्धिबळ सेट आणि बटण-सेलवर चालणारे खेळ आम्ही दानातही घेत नाही. चुंबक किंवा तो सेल गिळला तर आतड्याला किंवा अन्ननलिकेला गंभीर इजा होते, आणि रांगतं मूल कोणत्या घरात आहे हे आपल्याला दर वेळी माहीत नसतं.

सूचना दोन वेगळ्या कागदांवर करा. नियम क्वचित बदलतात, ते मोठ्या अक्षरांत छापून लॅमिनेट करा. यादी दर महिन्याला बदलते, ती साध्या कागदावर, वर तारीख टाकून, पारदर्शक फोल्डरमध्ये. दोन्ही एकाच लॅमिनेट कागदावर केलंत तर सहा महिन्यांनी यादीवर पेनाने खाडाखोड होते आणि मग कोणी ती वाचत नाही. प्रत्येक डब्याला नंबर द्या आणि तोच नंबर यादीत, वहीत आणि डब्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहा. झाकणाच्या आतच "पूर्ण म्हणजे काय" हेही लिहून ठेवा, कारण डबा घरी गेल्यावर बोर्डावरची यादी कोणाच्या समोर नसते.

आमची सध्याची सूचना थोडी आटोपशीर करून खाली देतो. तुमच्या खेळांप्रमाणे बदलून घ्या.

वाचन कोपरा: घरी नेण्यासाठी खेळ
यादी दिनांक: ________

ख-१ बुद्धिबळ. पट १, मोहऱ्या ३२. पटावर मांडून पाहा.
ख-२ स्क्रॅबल. पट १, टाइल्स ९९ (एक कोरी कमी), पट्ट्या ४. दहा-दहाच्या ओळी लावा, शेवटच्या ओळीत ९.
ख-३ ल्यूडो व सापशिडी. पट १, सोंगट्या १६, फासा १. चार घरांत चार-चार.
ख-४ जेंगा. ठोकळे ५४. तीन-तीनचे १८ थर.
ख-५ डॉमिनो. सोंगट्या २८. सातच्या चार ओळी.
ख-६ पत्ते, दोन जोड. प्रत्येकी ५२. चार रंग, तेरा-तेरा.
ख-७ व्यापार. पट १, मालमत्तेची कार्डे झाकणावर लिहिल्याप्रमाणे, फासे २. नोटा मोजू नयेत.
ख-८ जिगसॉ, ५०० तुकडे. पूर्ण झाल्यावर फोटो पाठवावा.
ख-९ पच्चीसी. कापडी पट १, सोंगट्या १६, कवड्या ७.
कॅरम. बोर्ड हॉलमध्येच राहील. सोंगट्यांची थैली (१९ + स्ट्रायकर) वहीत नोंद करून घ्यावी व त्याच दिवशी परत करावी.

नियम

१. सोसायटीत राहणारे सर्वजण खेळ नेऊ शकतात, भाडेकरूही. अनामत नाही, शुल्क नाही.
२. देवघेव शनिवार व रविवार, सायंकाळी ५ ते ७. खेळ वॉचमनकडे किंवा दाराबाहेर ठेवू नये.
३. एका फ्लॅटला एका वेळी एक खेळ, ७ दिवसांसाठी. मे महिन्यात व दिवाळीच्या सुट्टीत ३ दिवस. कोणी मागितला नसेल तर मुदत एकदा वाढवून मिळेल.
४. नेताना आणि परत करताना खेळ दोघांसमोर मांडून पाहावा आणि वहीत सही करावी.
५. नेल्यावर घरी काही कमी आढळले तर त्याच दिवशी कळवावे. त्याची जबाबदारी तुमच्यावर येणार नाही.
६. भाग हरवला तर कळवावे. शोधण्यासाठी ७ दिवस. न सापडल्यास काय करायचे ते स्वयंसेवकाशी बोलून ठरवावे. दंड नाही.
७. १० वर्षांवरील मुले स्वतः खेळ नेऊ शकतात, वहीत पालकांचा नंबर लिहावा.
८. सर्व खेळांत लहान सुटे भाग आहेत. ३ वर्षांखालील मुलांच्या हाती देऊ नयेत.
९. पैसे लावून खेळू नये.

स्वयंसेवक: (नाव, फ्लॅट)

नववा नियम लोकांना जरा जड वाटतो, पण ठेवा. हॉल सोसायटीचा आहे. पैसे लावून पत्ते सुरू झाले तर महाराष्ट्रातल्या १८८७ च्या जुगारबंदी कायद्याचा विषय येतो, आणि उत्तर द्यायला समिती उभी राहते. कोजागिरीच्या रात्री आमच्याकडे हा नियम दाखवावा लागला होता. ओळ बोर्डावर असल्यामुळे कोणाला वैयक्तिक बोल लागला नाही.

चौथ्या नियमातली वही साधीच असू द्या. तारीख, फ्लॅट, खेळाचा नंबर, नेताना भाग, सही, परत तारीख, आणताना भाग, सही. शेवटचे दोन रकाने भरण्याकडे लक्ष ठेवा, गर्दीत तेच कोरे राहतात. मुदत उलटून गेली तर त्या घरी जाऊन किंवा फोन करून सांगा. थकबाकीदारांची नावं बोर्डावर किंवा सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नका. एकदा आमच्या एका उत्साही मदतनीसाने टाकली होती. त्या घरातले आजोबा तेव्हा हॉस्पिटलमध्ये होते, खेळ परत करायचं कोणाच्या डोक्यातच नव्हतं. त्या वहिनींनी दुसऱ्या दिवशी डबा आणून ठेवला, एक शब्द बोलल्या नाहीत, आणि त्यानंतर त्यांच्या घरातून कोणी खेळ न्यायला आलं नाही.

डब्याच्या आत रबरबँड वापरू नका. उन्हाळ्यात ते विरघळल्यासारखे होऊन पत्त्यांना चिकटतात आणि वरखालचे दोन पत्ते कायमचे खुणेचे होतात. झिपच्या छोट्या पिशव्या बऱ्या. जून लागला की पत्ते आणि नोटा अशा पिशव्यांत बंद करून आत सिलिका जेलची पुडी टाका, आणि पुडी लहान मुलांना मिळणार नाही हे बघा. कॅरमबोर्ड भिंतीला तिरका टेकवून ठेवला तर पावसाळ्यात वाकतो. सपाट तरी ठेवा किंवा अगदी सरळ उभा. गणपतीत आमचा हॉल दहा-बारा दिवस मांडवासाठी जातो, तेव्हा देवघेव बंद असल्याची तारीख यादीच्या कागदावर आधीच लिहितो, आणि त्याच्या आदल्या रविवारी जाणाऱ्या खेळांना मुदत आपोआप वाढवून देतो.

तुमच्याकडे दहा-बारा खेळ आहेत म्हणता. हा शनिवार दोन मुलांना हाताशी घेऊन सगळे डबे उघडा, मांडा, आकडे झाकणात लिहा. साधारण दोन तासांचं काम आहे. त्यात दोन-तीन खेळ डाव मांडताच येणार नाही इतके अर्धवट निघतील. ते यादीत घालू नका, त्यांच्या सोंगट्या, फासे आणि बटणं एका बरणीत राखीव म्हणून ठेवा. आमची ती बरणी खिडकीशी असते, आणि फासा हरवला की मुलं आधी तिच्यात हात घालतात.